‘यॉर्कर टाक ना!’ : अखेरच्या षटकांतले गैरसमज

शेवटची चार षटकं सुरू झाली की टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक घरात एक तरी गोलंदाजी प्रशिक्षक तयार होतो. षटकार बसला की त्याचं निदान ठरलेलं असतं : ‘यॉर्कर का नाही टाकला?’ संथ चेंडूवर चौकार गेला की ‘असला हळू टाकायचाच कशाला?’ आणि बाउन्सर डोक्यावरून वाइड गेला की ‘काय गरज होती?’ या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते. कुठला चेंडू कधी टाकायचा याचं कुठंतरी एक बरोबर उत्तर आहे आणि गोलंदाज ते विसरला, अशी ती समजूत. प्रत्यक्षात चेंडूच्या निवडीमागे बहुतेक वेळा वेगळाच हिशेब असतो. ‘कुठला चेंडू सर्वात चांगला?’ यापेक्षा ‘माझा चेंडू चुकला तर किती महागात पडेल?’ हा प्रश्न गोलंदाजाच्या जास्त कामाचा असतो. एकदा हे लक्षात घेतलं की पुढचे बरेच गैरसमज आपोआप सैल होतात.

गैरसमज : अखेरच्या षटकांत यॉर्कर टाकला की काम झालं.

चांगला पडलेला यॉर्कर मारायला अत्यंत कठीण असतो, यात वाद नाही. चेंडू फलंदाजाच्या बुटांपाशी, बॅटच्या तळाशी पडतो आणि त्याच्याखाली बॅट घालून उचलायला जागाच उरत नाही. अडचण आहे ती ‘चांगला पडलेला’ या दोन शब्दांत.

थोडा हिशेब करून पाहू. गोलंदाजाच्या क्रीजपासून फलंदाजाच्या क्रीजपर्यंतचं अंतर ५८ फूट, म्हणजे जवळजवळ १७.७ मीटर. उंच गोलंदाजाच्या हातातून चेंडू साधारण २.१ मीटर उंचीवरून सुटतो असं धरू. वेग ताशी १४० किलोमीटर. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पलीकडे पोचतो, आणि अचूक यॉर्कर पडण्यासाठी तो हातातून साधारण साडेतीन अंश खाली झुकलेला सुटावा लागतो. आता हाच कोन फक्त एका अंशाने चुकू द्या. चेंडू जरा उशिरा सुटला आणि एक अंश जास्त खाली गेला, तर टप्पा दीड मीटरहून अधिक अलीकडे पडतो. यॉर्करची हाफव्हॉली झाली. जरा लवकर सुटला, तर क्रीजवर तो जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर उंचीवर असतो, म्हणजे फुलटॉस. धावत येऊन, उडी मारून, पूर्ण ताकदीने हात फिरवताना एक अंशाच्या आत राहायचं, तेही घामाने किंवा दवाने ओल्या झालेल्या चेंडूने आणि सामन्याच्या अठराव्या षटकात. यॉर्कर चुकला तर तो दोन्ही बाजूंना चुकतो आणि दोन्ही बाजूंना षटकाराचाच चेंडू असतो. दुसऱ्या कुठल्याही चेंडूची चूक इतकी महाग पडत नाही.

शारजातल्या १८ एप्रिल १९८६ च्या अंतिम सामन्याबद्दल आपल्याकडे चेतन शर्माला अजून बोलणी बसतात. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या. शर्माला यॉर्करच टाकायचा होता, पडला फुलटॉस, आणि जावेद मियाँदादने तो प्रेक्षकांत भिरकावला. निवड पुस्तकात छापावी इतकी बरोबर होती. चुकला असेल तो एखादा अंश.

शिवाय यॉर्कर म्हणजे खेळपट्टीवरची ठरावीक जागा नव्हे. सरावात गोलंदाज क्रीजवर बूट किंवा बाटली ठेवून तिच्यावर नेम धरतात, पण सामन्यातला फलंदाज बाटलीसारखा एका जागी राहत नाही. तो क्रीजमध्ये पार यष्टींजवळ जाऊन उभा राहिला तर कालचा यॉर्कर आज हाफव्हॉली होतो. धोनीसारख्या फलंदाजांनी याच युक्तीवर यॉर्करवाल्यांची झोप उडवली होती. उलट तो एक पाऊल पुढे आला तर तोच चेंडू फुलटॉस. चांगला फलंदाज म्हणूनच चेंडू सुटायच्या आधी हलतो आणि चांगला गोलंदाज त्याचे पाय शेवटच्या क्षणापर्यंत पाहत राहतो.

मग यॉर्कर टाकायचा कधी? ज्याचा नेम खरोखर त्या एका अंशात बसतो त्याने टाकावा. नव्याने आलेला, पाय अजून न हललेला तळाचा फलंदाज समोर असेल तेव्हा टाकावा. चेंडू जुना होऊन रिव्हर्स स्विंग होत असेल तेव्हा तर जरूर टाकावा, कारण मग तो हवेत शेवटी शेवटी आत वळतो. बाकीच्यांनी ऑफ यष्टीच्या बाहेर, वाइडच्या रेषेजवळ पडणारा यॉर्कर पसंत केला तर त्यांना भित्रे म्हणू नये. त्या रेषेवरचा चेंडू चुकून फुलटॉस झाला, तरी फलंदाजाला हात लांब करून मारावं लागतं आणि अर्धी ताकद तिथेच जाते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावर एक विश्वचषक फिरणार आहे.

गैरसमज : स्लोअर वन म्हणजे हळू टाकलेला चेंडू.

असा चेंडू कोणीही टाकू शकेल, आणि कोणीही मारू शकेल. फलंदाज वेग ओळखतो तो चेंडूवरून कमी आणि गोलंदाजाच्या हातावरून जास्त. म्हणून हात त्याच वेगाने फिरला पाहिजे आणि चेंडू मात्र मागे राहिला पाहिजे. हे जमतं कसं? वेगवान चेंडूत बोटं चेंडूच्या बरोबर मागे असतात आणि सगळा जोर त्याला पुढे ढकलतो. ऑफ कटरमध्ये बोटं चेंडूच्या बाजूने खाली ओढली जातात, जोराचा काही भाग फिरकीत खर्च होतो. हाताच्या पाठीमागून सोडलेल्या चेंडूत मनगटच उलटं असतं. नकल बॉलमध्ये चेंडू बोटांच्या सांध्यांवर धरतात, त्यामुळे ढकलायला बोटांची टोकं मिळतच नाहीत. श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात हा नकल बॉल वापरला आणि मग आपल्याकडची पोरं मैदानामैदानावर बोटं वाकवून चेंडू धरायला लागली.

पण स्लोअर वनची खरी गंमत वेळेपेक्षा उंचीत आहे, आणि तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वरच्याच हिशेबातला चेंडू घ्या. तोच हात, तीच उंची, तोच कोन, फक्त वेग १४० ऐवजी ११५. तो क्रीजपर्यंत पोचतच नाही. दोन मीटरहून अधिक अलीकडे टप्पा पडतो. म्हणजे कटर यॉर्करच्या लांबीवर टाकायचा असेल तर तो हातातून जवळजवळ सपाट सोडावा लागतो, आणि मग तो हवेत अनपेक्षित उंच दिसतो. फलंदाजाच्या डोळ्यांना तो क्षणभर फुलटॉस, किंवा अगदी अंगावर येणारा बीमर वाटतो. मग शेवटी खाली बुडतो. १९९९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ख्रिस रीडने न्यूझीलंडच्या ख्रिस केर्न्सचा असाच चेंडू डोक्यावर येतोय समजून चक्क खाली वाकून सोडला. तो बुडून त्याच्या यष्टींवर गेला. रीड शून्यावर त्रिफळाबाद. हसू येतं, पण त्याच्या डोळ्यांनी त्याला जे सांगितलं ते त्या क्षणी खोटं नव्हतं.

असा चेंडू नेमका कधी टाकायचा याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण कसोटीतलं आहे. डिसेंबर २०१८, मेलबर्न, तिसरा दिवस, उपाहाराआधीचा शेवटचा चेंडू. समोर शॉन मार्श. खेळपट्टी मंद, चेंडू फारसा काही करत नव्हता. मिडऑफला उभ्या असलेल्या रोहित शर्माने जसप्रीत बुमराला सुचवलं की एकदिवसीय सामन्यात टाकतोस तसा स्लोअर टाकून बघ. उपाहाराआधीच्या शेवटच्या चेंडूवर कसोटीतला फलंदाज टिकून राहायच्या बेतात असतो, त्याची बॅट नेहमीच्या वेगाची वाट पाहत असते. बुमराने यॉर्करच्या लांबीवर संथ चेंडू टाकला. तो हवेत बुडाला, मार्शची बॅट आधीच पुढे गेलेली होती आणि चेंडू पॅडवर आदळला. पायचीत. बुमराने त्या डावात ३३ धावांत सहा बळी घेतले. मला वाटतं, यातली खरी हुशारी मिडऑफला उभी होती. तो चेंडू टाकता येणारे बरेच असतात, तो त्याच क्षणी सुचणारे थोडे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्लोअर वन खेळपट्टीच्या जिवावर जगतो. कोरड्या, चेंडू धरून ठेवणाऱ्या चेपॉकवर कटर टप्प्यावर थांबतो, वळतो आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाते. ड्वेन ब्राव्होने चेन्नईसाठी त्यावरच वर्षानुवर्षं रोजी कमावली. वानखेडेच्या लाल मातीत चेंडू छान उसळून बॅटवर येतो, रात्री दव पडतं, चेंडू साबणासारखा हातातून निसटतो आणि तोच कटर फलंदाजाला हवा तसा वर येऊन मिळतो. ओल्या चेंडूवर बोटांची पकडच बसत नाही, मग फिरकी कुठून यायची? संथ चेंडूवर षटकार खाल्लेल्या गोलंदाजाला शिव्या घालण्याआधी तो रुमालाने चेंडू किती वेळा पुसतोय ते बघावं.

गैरसमज : बाउन्सर म्हणजे फलंदाजाला घाबरवणं, आणि त्यासाठी तुफान वेग लागतो.

हेल्मेट नसलेल्या काळात पहिला भाग बराच खरा होता. आता वरच्या पातळीवरचे फलंदाज आखूड चेंडू पुल करायचा रोज सराव करतात, नुसत्या भीतीने कोणी बाद होत नाही. न्यूझीलंडच्या नील वॅगनरने तर अफाट वेग नसतानाही निव्वळ आखूड चेंडूंवर कसोटी कारकीर्द उभी केली. स्टीव्ह स्मिथसारख्या फलंदाजालाही त्याने त्यावर पुन्हा पुन्हा सतावलं. त्याचं हत्यार उंचीचं होतं. डोक्यावरून जाणारा चेंडू सोडून देता येतो, छातीवर आणि खांद्याजवळ येणारा सोडायचा की खेळायचा हेच लवकर ठरत नाही. त्यासाठी लेग साइडला झेलाचं जाळं लावायचं आणि तासन्‌तास तिथेच टाकत राहायचं.

टी-ट्वेंटीत बाउन्सरचं मुख्य काम वेगळं आहे. तो फलंदाजाचे पाय मागे नेतो. एकदा छातीवर चेंडू आला की पुढच्या चेंडूला फलंदाज पुढचा पाय बिनधास्त टाकून मारायला कचरतो, आणि त्या अर्ध्या पावलावरच पुढचा यॉर्कर किंवा कटर जगतो. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत षटकाला खांद्यावरून जाणारा एकच बाउन्सर चालतो, कसोटीत आणि एकदिवसीय सामन्यात दोन. आयपीएलमध्ये २०२४ पासून दोन झाले आणि त्याचा परिणाम वाटतो त्याहून मोठा आहे. एकाच बाउन्सरची मुभा असते तेव्हा तो पडून गेला की फलंदाज निश्चिंत होऊन पुढचा पाय टाकतो. दुसरा शिल्लक असेल तर त्याला शेवटच्या चेंडूपर्यंत शंका ठेवावी लागते. न टाकलेला बाउन्सर कधीकधी टाकलेल्याहून जास्त कामाचा असतो, तो असा.

गैरसमज : गोलंदाज धावत येताना ठरवतो.

फलंदाज आयत्या वेळी हलला तर गोलंदाज चेंडू त्याच्या मागे नेतो, रेषा थोडी बदलतो, एवढं शेवटच्या क्षणी होतं. चेंडूचा प्रकार मात्र रनअपच्या सुरुवातीलाच ठरलेला असतो, कारण त्याआधी क्षेत्ररक्षण लागलेलं असतं. टी-ट्वेंटीत पॉवरप्लेनंतर वर्तुळाबाहेर जास्तीत जास्त पाचच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. उजव्या हाताच्या फलंदाजाला वाइड यॉर्कर टाकायचा असेल तर थर्डमॅन, डीप पॉइंट, डीप कव्हर आणि लाँगऑफ बाहेर जातात. उरलेला एक लेग साइडला, आणि फाइन लेग वर्तुळात. आता हा गोलंदाज चुकूनही पायांवर टाकू शकत नाही, टाकला तर मागे चौकार ठेवलेलाच आहे. बाउन्सर टाकायचा असेल तर फाइन लेग आणि डीप स्क्वेअर लेग दोघंही बाहेर लागतात, मग ऑफ साइड उघडी पडते. म्हणजे क्षेत्ररक्षण हीच गोलंदाजाने आधीच दिलेली जाहीर कबुली असते की चूक झाली तर ती या बाजूला होऊ दे.

यातच आणखी एक नियम येऊन बसतो. संघाने षटकं वेळेत टाकली नाहीत तर अखेरच्या टप्प्यात बाहेर पाचाऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. एक माणूस आत आला की वाइड यॉर्करचा बेतच कोसळतो. कर्णधार मध्येच पंचांच्या घड्याळाकडे का बघतो, त्याचं हे उत्तर.

आता हा सगळा हिशेब एकत्र मांडून पाहू. २९ जून २०२४, बार्बाडोसचं केन्सिंग्टन ओव्हल, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. पंधराव्या षटकात अक्षर पटेलला २४ धावा पडल्या. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, सहा गडी हातात होते आणि हाइन्रिक क्लासेन पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता.

रोहितने बुमराला राखून ठेवलं नाही, सोळावं षटक लगेच दिलं. चार धावा. मग ऋषभ पंतच्या गुडघ्यावर उपचारासाठी खेळ थोडा थांबला आणि क्लासेनची लय तुटली. हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर काय झालं पाहा. ऑफ यष्टीच्या बाहेर लांब टाकलेला संथ चेंडू. क्लासेनला मारायचंच होतं, तो हात लांब करून गेला, वेग कमी, अंतर जास्त, आणि चेंडू बॅटची कड घेऊन पंतकडे. समजा हार्दिकचा तो चेंडू चुकला असता. जास्तीत जास्त वाइड, किंवा ऑफ साइडला एक चौकार. त्याच जागी यष्टींवरचा यॉर्कर चुकला असता तर क्लासेनने सामना तिथेच संपवला असता. षटकात चार धावा.

अठराव्या षटकात बुमराने मार्को यान्सेनचा त्रिफळा उडवला. यॉर्करने नाही, टप्पा पडून आत आलेल्या लांबीच्या चेंडूने. नवीन फलंदाज, त्याला अजून चेंडूचा अंदाज नाही, तिथे बुमराने आपला नेहमीचाच चेंडू पुरेसा मानला. दोन धावा. अर्शदीपच्या एकोणिसाव्या षटकात चार. शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या आणि समोर डेव्हिड मिलर.

हार्दिकला ऑफच्या बाहेरचा यॉर्कर टाकायचा होता. तो चुकला, फुलटॉस पडला. पण चुकला तो लांबीत, रेषेत नाही. मिलरला बाहेर हात टाकून उचलावा लागला, फटका पूर्ण बसला नाही, आणि लाँगऑफच्या सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने तो झेल घेतला जो अख्ख्या देशाने शंभरदा पाहिला आहे. झेलाचं कौतुक व्हायलाच हवं. पण तोच फुलटॉस यष्टींवर असता तर सूर्यकुमारला उडी मारायची संधीही मिळाली नसती. चेंडू चुकीचा पडला आणि तरी निवड बरोबर ठरली. भारत सात धावांनी जिंकला. शेवटच्या पाच षटकांत आफ्रिकेला मिळाल्या २२ धावा, आणि क्लासेन, यान्सेन, मिलर या तिघांतल्या एकाचाही बळी चांगल्या यॉर्करवर गेला नाही.

गैरसमज : जितके प्रकार जास्त, तितका गोलंदाज भारी.

यावर फार लिहायची गरज नाही. सहाही चेंडू वेगळे टाकणाऱ्याच्या कुठल्याच चेंडूचं आश्चर्य वाटत नाही. स्लोअर वन फसवतो, कारण त्याआधीचे तीन चेंडू १४० ने आलेले असतात. लसिथ मलिंगाचं नाव यॉर्करशी जोडलं गेलं, पण १२ मे २०१९ ला हैदराबादच्या आयपीएल अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर चेन्नईला दोन धावा हव्या असताना पालघरच्या शार्दूल ठाकूरला त्याने टाकला तो संथ चेंडू. शार्दूल पायचीत झाला आणि मुंबई एका धावेने जिंकली. सगळ्यांना मलिंगाचा वेगवान यॉर्कर पाठ होता, म्हणून तो संथ चेंडू लागू पडला. आणि त्याच मलिंगाच्या आधीच्या तीन षटकांत ४२ धावा गेल्या होत्या, हेही विसरू नये.

पुढच्या सामन्यात शेवटचं षटक सुरू झालं की गोलंदाजाकडे नंतर बघा. आधी फाइन लेग आत आहे की बाहेर ते बघा, मग थर्डमॅन. मग स्वतःशीच ठरवा, इथे कुठली चूक परवडेल. त्यानंतर ‘यॉर्कर टाक ना’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.